पैसे थकले, माल वाटेत आहे

प्रश्न: माल ट्रान्सपोर्टला दिलाय, पैसे आलेले नाहीत. लीन लावून परत मागवता येईल का?

लीन नाही लागणार. पैसे मिळेपर्यंत माल अडवून ठेवण्याचा तो हक्क माल तुमच्या ताब्यात असेपर्यंतच. विल्हेवाटीचा हक्क राखून न ठेवता माल वाहतूकदाराकडे सोपवलात की लीन संपला (वस्तू विक्री अधिनियम 1930, कलम 49).

उरतो तो वाटेत माल थांबवण्याचा हक्क, पण त्याला खरेदीदार नादार असावा लागतो. नुसती टाळाटाळ पुरत नाही. कोर्टाने दिवाळखोर ठरवलेला असण्याची मात्र गरज नाही. देणी वेळच्या वेळी फेडणं त्याने थांबवलं असेल तरी चालतं.

समजा सोमवारी ट्रक निघाला, बुधवारी माल ट्रान्सपोर्टच्या गोदामात उतरला. तरीही तो ‘वाटेतच’ आहे. पण गोदामवाल्याने खरेदीदाराला कळवलं, ‘आता तुमच्या वतीने सांभाळतोय’, की प्रवास संपला आणि हक्कही. म्हणून ट्रान्सपोर्टवाल्याला माल थांबवण्याची नोटीस आजच द्या, लेखी. त्यांच्या मुख्य कार्यालयाला देणार असाल, तर त्यांना आपल्या माणसाला वेळेत कळवता आलं पाहिजे, नाहीतर ती निष्फळ.

माल थांबवला म्हणजे करार मोडला असं नाही. लगेच दुसऱ्याला विकू नका. नाशवंत नसेल तर आधी खरेदीदाराला फेरविक्रीची नोटीस द्या आणि वाजवी मुदत थांबा.