आश्रयदाता, देणगीदार की करविता?

प्रश्न : इटलीतल्या रेनेसाँवर लेख लिहितो आहे. चित्रकारांना, विद्वानांना पैसा पुरवणाऱ्या फ्लॉरेन्सच्या व्यापारी-सावकारांना ‘आश्रयदाते’ म्हणणं बरोबर आहे का? ‘प्रायोजक’ किंवा ‘देणगीदार’ जास्त योग्य होईल का?

‘आश्रयदाता’ दरबारात चपखल बसतो. मांतुआचा सत्ताधीश लुदोव्हिको गोन्झागा याने चित्रकार मांतेन्याला बोलावलं, तेव्हा महिना 15 डुकाट, राहायला घर, सहा माणसांना पुरेल इतकं धान्य आणि सरपण देऊ केलं. 1460 मध्ये मांतेन्या तिथे गेला तो कायमचाच. याला आश्रय म्हणायला कुणाची हरकत नसावी.

फ्लॉरेन्समध्ये मात्र चित्रकाराचं स्वतःचं दुकान असे, हाताखाली माणसं असत आणि तो एका वेळी अनेकांची कामं घेई. तिथला व्यवहार कसा होता ते एका करारावरून नीट दिसतं. शहरातलं अनाथालय रेशीम व्यापाऱ्यांच्या श्रेणीने म्हणजे व्यावसायिक संघाने चालवलेलं होतं. प्रातोचा व्यापारी फ्रांचेस्को दातिनी याने मृत्युपत्रात ठेवलेले 1000 फ्लोरिन हे त्याचं मूळ भांडवल. या संस्थेच्या वेदीसाठी चित्र हवं होतं. ऑक्टोबर 1485 मध्ये संस्थेचा प्रमुख फ्रा बेर्नार्दो आणि चित्रकार दोमेनिको गिरलांदायो यांनी त्याचा करार केला.

एकूण रक्कम 115 फ्लोरिन, मुदत 30 महिने, दरमहा 3 फ्लोरिन. म्हणजे मुदत संपेपर्यंत 90 फ्लोरिन हातात पडणार आणि 25 अडकून राहणार. उशीर झाला तर 15 फ्लोरिन दंड. रंग आणि सोनं चित्रकाराने स्वतःच्या खर्चाने आणायचं. निळा रंग औंसाला सुमारे 4 फ्लोरिन किमतीचाच हवा, असंही त्यात लिहिलं आहे. हा निळा अफगाणिस्तानातून येणाऱ्या राजावर्त दगडापासून करत. तांब्याच्या खनिजापासून केलेला निळा पुष्कळ स्वस्त पडे, आणि खर्च चित्रकाराच्या माथी असल्यावर तो स्वस्ताकडे वळण्याची भीती होतीच. म्हणून नुसतं ‘चांगला निळा’ न लिहिता दरच बांधून टाकला. सगळ्यात कडक अट शेवटच्या किमतीची आहे: चित्र तितक्या मोलाचं वाटलं नाही, तर बेर्नार्दो हव्या त्या माणसाचं मत घेऊन स्वतःला योग्य वाटेल तेवढी रक्कम कमी करू शकतो.

देणगीदार पैसे देतो, त्यातून केलेल्या वस्तूचा रंग आणि भाव ठरवत नाही, म्हणून ‘देणगीदार’ इथे चालणार नाही. ‘प्रायोजक’ मला खटकतो, कारण आज त्याला जाहिरातीचा फार वास आहे. मराठीत नेमका शब्द आहे तो ‘करविता’. ‘कर्ता-करविता’ या जोडीत आपण तो रोज वापरतो. गिरलांदायो कर्ता, अनाथालय करविता. श्रवणबेळगोळच्या शिलालेखातही ‘चामुण्डराजें करवियलें’ असंच आहे. तिथे मूर्ती घडवणाऱ्याचं नाव नाही, करवणाऱ्याचं आहे. पैसा आणि हुकूम एकाचा, हात दुसऱ्याचा, हे आपल्या प्रयोजक क्रियापदात इतकं स्वच्छ उतरतं की दुसरीकडे शोधायची गरजच पडू नये.

त्या करारात सगळं चित्र गिरलांदायोने ‘स्वतःच्या हाताने’ रंगवावं असंही होतं. प्रत्यक्षात पायथ्याच्या पट्टीतली छोटी चित्रं बार्तोलोमेओ दि जोव्हान्नीने काढली. मुख्य चित्रावर 1488 साल आहे आणि ते आजही त्याच संस्थेच्या संग्रहालयात आहे.

विद्येच्या बाबतीत मात्र ‘आश्रयदाता’ फ्लॉरेन्समध्येही टिकतो. फ्लॉरेन्सचा ग्रंथसंग्राहक विद्वान निक्कोलो निक्कोली 1437 मध्ये वारला तो सुमारे 800 हस्तलिखितं आणि मोठं कर्ज मागे ठेवून. शहरातला बडा सावकार कोसिमो मेडिची याने कर्जाचा भार उचलला आणि त्यातली निम्म्याच्या आसपास पुस्तकं सान मार्को मठाच्या ग्रंथालयात ठेवली. ते ग्रंथालयही त्याच्याच पैशाने बांधलेलं होतं. पुढे त्याने तत्त्वज्ञ फिचिनोला फ्लॉरेन्सबाहेर कारेज्जीजवळ घर दिलं आणि भाषांतरासाठी प्लेटोची ग्रीक पोथी दिली. इथे औंसाचे दर नाहीत, दंड नाही. पण 1463 च्या सुमारास हर्मीस या पुराणातल्या ज्ञानी पुरुषाच्या नावावरची एक ग्रीक पोथी हाती आली, तेव्हा म्हाताऱ्या कोसिमोने प्लेटो बाजूला ठेवून आधी ती लॅटिनमध्ये आणायला सांगितलं, आणि फिचिनोने आणली. त्या एका पोथीपुरता कोसिमोलाही ‘करविता’ म्हणावं लागेल.

लिहिताना एक अडचण येईल. ‘करविती’ हे स्त्रीलिंगी रूप क्रियापदासारखं वाचलं जातं. मांतुआची राणी इझाबेला देस्ते हिने चित्रकार पेरुजिनोशी 1503 मध्ये करार केला, त्यात आकृत्या कमी केल्या तर चालतील पण मनाने काही घालायचं नाही, असं बजावलं होतं. तिच्याबद्दल लिहाल तेव्हा ‘चित्र करवून घेणारी’ असं सरळ लिहा.