दहा कोटी आले, मग कर्ज नऊच कोटी का?

*सर, मी नाशिकला कॉलेज रोडवरच्या एका फर्ममध्ये आर्टिकलशिप करते. अंबडच्या एका क्लायंटने परिवर्तनीय डिबेंचर काढून १० कोटी उभे केले, पण ताळेबंदात कर्ज नऊ कोटींच्या आसपासच दिसतं आणि उरलेली रक्कम इक्विटीत जाते. उदाहरण सोडवता येतं, पण असं का करतात ते कळत नाही. याच वाटेने पुढे जावं की जीएसटीकडे वळावं?*

आधी बागेत जाऊ. पिंपळगावचा एखादा व्यापारी द्राक्ष बागायतदाराला उसने पैसे देतो आणि व्याज बाजारापेक्षा कमी लावतो. मोबदल्यात पुढच्या हंगामाचा माल आज ठरलेल्या भावाने उचलायचा हक्क मागून घेतो. व्याजातली ती सूट म्हणजे त्या हक्काची किंमत. तुझ्या डिबेंचरमध्ये हेच घडतं, फक्त द्राक्षांच्या जागी शेअर आहेत.

आकडे घेऊ. समज, डिबेंचर तीन वर्षांचे, व्याज ६ टक्के, दरवर्षाच्या अखेरीस. रूपांतराचा हक्क नसता तर याच कंपनीला बाजाराने १० टक्के मागितले असते. मग वर्षाला ६० लाख व्याज आणि शेवटी १,००० लाख मुद्दल, हे सगळं १० टक्क्यांनी आजच्या किमतीत आणायचं. येतात ९००.५३ लाख. हे कर्ज. आलेल्या १,००० लाखांतून ते वजा केलं की ९९.४७ लाख उरतात, ती इक्विटी. इंड एएस ३२ या लेखा मानकात क्रम हाच आहे: कर्ज आधी मोजायचं, उरेल ते इक्विटी.

आता ताळा करून बघ. कंपनीला वर्षाला ४ टक्के, म्हणजे ४० लाखांची सूट मिळते. तीन वर्षांच्या या सुटीची १० टक्क्यांनी आजची किंमत काढ. बरोबर ९९.४७ लाख येईल. तुझ्या ‘का’चं उत्तर यातच आहे. गुंतवणूकदाराने सूट दिली आणि हक्क विकत घेतला; ती रक्कम कंपनीला परत करायची नाही, म्हणून ती कर्जात बसत नाही.

पुढे पहिल्या वर्षाचं व्याज ६० लाख धरायचं नाही. ९००.५३ च्या १० टक्के, म्हणजे ९०.०५ लाख नफा-तोटा पत्रकात जातात. रोख फक्त ६० लाख जाते, उरलेले ३०.०५ लाख कर्जात मिसळतात आणि कर्ज ९३०.५८ होतं. तिसऱ्या वर्षाअखेर ते नेमकं १,००० वर यायला हवं. नाही आलं तर कुठेतरी चूक आहे. इक्विटीचा भाग मात्र नंतर पुन्हा मोजत नाहीत, शेअरचा भाव कितीही पडो. मुदतीत कोणी रूपांतर केलं नाही तरी तो नफा म्हणून दाखवता येत नाही, इक्विटीतच राहतो.

हे गणित दहा मिनिटांचं आहे. खरी मेहनत त्या १० टक्क्यांवर होते. तोच दर १२ धरला तर कर्ज ८५५.८९ लाखांवर येतं आणि इक्विटी १४४.११ लाख होते. दोन टक्क्यांनी जवळपास ४५ लाख इकडचे तिकडे! म्हणून दर कुठून आला हे फाइलमध्ये दिसायलाच हवं: बँकेने त्याच मुदतीच्या, तशाच तारणाच्या कर्जासाठी दिलेला दर, किंवा तितकीच पत असलेल्या कंपनीच्या साध्या डिबेंचरवरचा दर. मी अशी एक फाइल पाहिली आहे जिच्यात आजची किंमत काढण्यासाठी डिबेंचरवरचाच व्याजदर वापरला होता. कर्ज पूर्ण रकमेइतकं आलं, इक्विटी शून्य, आणि ताळा जुळला म्हणून सगळे खूश.

त्याच्याही आधी करारातलं रूपांतराचं कलम वाच. एका डिबेंचरला किती शेअर, हा आकडा पक्का असेल तरच वरची मांडणी लागू. ‘त्या दिवशीच्या बाजारभावाने जितके बसतील तितके’ असं लिहिलं असेल, तर तो हक्क इक्विटी ठरत नाही. आणि रूपांतर सक्तीचं असेल, तर मुद्दल परत द्यायचंच नसतं. आपल्या आकड्यांत मग कर्ज म्हणून फक्त व्याजाची आजची किंमत, १४९.२१ लाख, राहते, बाकी ८५०.७९ लाख इक्विटी. एका शब्दाने ताळेबंद उलटा होतो.

आता वाटेबद्दल. क्लायंटचा करार मागून घे आणि दोन संध्याकाळी कलमं वाच. ती वाचताना कंटाळा आला, तर जीएसटी घे, त्यात नाशिकमध्ये काम भरपूर आहे. रमलीस, तर फायनान्शियल रिपोर्टिंगकडे जा. पण त्यासाठी पुण्या-मुंबईची तयारी ठेव, कारण इंड एएस लावणारे क्लायंट तिकडे जास्त. अमेरिकन क्लायंटचं काम मिळालं तर मात्र हे विभाजन तिथे शोधू नकोस. तिथल्या लेखा मानकांतल्या २०२० च्या दुरुस्तीनंतर असे बहुतेक रोखे अखंड कर्ज म्हणूनच दाखवतात.