नोकरी गेलेल्या मित्राला काय लिहावं

"मित्राला कंपनीनं काढलं, महिनाअखेर शेवटचा दिवस. सहा वर्षं सात महिने झाली होती. आईला मधुमेह, ती त्याच्याच कंपनीच्या मेडिक्लेमवर. 'होईल सगळं नीट' असं लिहायला हात धजत नाही. काय लिहू?"

मग ते लिहूच नका. "काही लागलं तर सांग" हेही नको. त्यात मागायचं ओझं त्याच्यावरच पडतं, आणि अशा वेळी माणूस सहसा मागत नाही. दिवस, वेळ आणि काम तुम्हीच सांगून टाका. मी असं लिहीन:

"कळलं रे, फार वाईट झालं. शनिवारी सकाळी दहाला लॅपटॉप घेऊन येतो. शेवटची सॅलरी स्लिप, ऑफर लेटर आणि काकूंचं मेडिक्लेमचं कार्ड काढून ठेव. आधी काकूंच्या विम्याचं बघू, मग हिशेबाचं. एवढ्यात नको वाटलं तर तसं सांग, नुसता चहाला येतो."

विमा आधी, कारण त्याला मुदत आहे. कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम बहुतेक ठिकाणी शेवटच्या दिवशीच संपतो. ग्रुपमध्ये जुने आजार बहुधा पहिल्या दिवसापासून धरलेले असतात. बाहेर नवी पॉलिसी घेतली तर मधुमेहासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. त्याऐवजी त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत मायग्रेशन मागता येतं, आणि ग्रुपमध्ये गेलेली वर्षं त्या तीन वर्षांतून वजा होतात. हप्ता चांगलाच वाढेल, हे काकूंसमोर नाही, त्याला एकट्याला सांगा. अर्ज मात्र कव्हर चालू असतानाच जायला हवा. एचआर आणि विमा कंपनी दोघांना जाणारा मेल तुम्ही घरूनच लिहून न्या; त्यानं फक्त वाचून पाठवावा. सध्या त्याच्याकडून एक मेलसुद्धा लिहून होत नसेल, आणि तुमची खरी मदत तिथेच आहे.

मग ग्रॅच्युइटी. पाच वर्षं झाली आहेत, म्हणजे हक्काची. बेसिक आणि डीए मिळून ५२,००० असेल असं धरू. भागिले २६ म्हणजे २,०००, गुणिले १५ म्हणजे ३०,०००. हे एका वर्षाचे. सहा महिन्यांवरचा काळ पूर्ण वर्ष धरतात, म्हणून त्याची वर्षं सात, रक्कम २,१०,०००. फायनल सेटलमेंटच्या कागदावर सहाच वर्षं धरलेली दिसली तर ३०,००० कमी आलेत, तेव्हा लगेच मेल करा. ही रक्कम ३० दिवसांत मिळायला हवी.

एचआर "स्वतःच राजीनामा दे" म्हणत असेल, तर नोटीस पिरियडचा पगार, उरलेल्या रजांचे पैसे आणि रिलीव्हिंग लेटरची तारीख मेलवर आल्याशिवाय त्याला सही करू देऊ नका. ग्रॅच्युइटी राजीनामा दिला तरी बुडत नाही, पण नोटीसचा पगार जाऊ शकतो. हे शनिवारपर्यंत थांबण्यासारखं नाही. आजच फोन करून विचारा.