ब्लफ म्हणजे थाप की हूल?

प्रश्न: «एक छोटी कथा लिहिते आहे. नववीतली लाजाळू, किशोरवयीन मुलगी घरच्यांबरोबर रात्री पत्ते खेळताना ब्लफ करायला शिकते. ‘ती थाप मारायला शिकली’ असं लिहिलं तर पोरगी खोटारडी वाटते. ‘बतावणी’ नाटकी वाटतं. नेमका शब्द कोणता?»

‘बतावणी’ आधी बाजूला ठेवा. तमाशातली बतावणी वेगळी, पण रोजच्या वाचनात हा शब्द ‘पोलीस असल्याची बतावणी करून’ एवढ्याच संदर्भात येतो. ‘झांसा’ आणि ‘गंडवणे’ही त्याच वळणाचे, त्यात कुणाचं तरी नुकसान होतं. ‘हुलकावणी’ मोहात पाडेल, पण ती देणारा निसटून जातो. पाऊस हुलकावणी देतो, नोकरी देते. पत्ते खेळणारी मुलगी तर समोरच बसलेली आहे.

उरतात दोन शब्द, थाप आणि हूल. त्यांच्यातला फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. थाप तोंडाने मारतात, ती शब्दांतच असते आणि ते शब्द खोटे असतात. हूल देताना बोलावं लागत नाही. कबड्डीत चढाई करणारा डावीकडे झुकतो आणि उजवीकडे हात मारतो, ती हूल. तो खोटं काहीच बोललेला नसतो. समोरच्याने चुकीचा अंदाज बांधावा अशी फक्त सोय करतो.

त्यामुळे तुमच्या घरात कोणता डाव पडलाय, यावर शब्द ठरेल. तीन पत्तीत हातात काही नसताना माणूस चाल वाढवत नेतो आणि बाकीचे घाबरून पॅक करतात. पानांबद्दल तो चकार शब्द काढत नाही, म्हणून ती हूल. मेंढीकोटात रंगाचं पान हातात असून दुसरं टाकलं तर ती हूलही नाही आणि थापही नाही, ती सरळ रडी. आणि ‘चॅलेंज’मध्ये पानं पालथी टाकून तोंडाने नाव सांगायचं असतं, तिथे थापच. एक सवलत मात्र आहे. क्रमाने एक्का, दुर्री, तिर्री असं सांगत जायच्या प्रकारात पाळी आली की ते पान असो वा नसो, काहीतरी टाकावंच लागतं. म्हणजे थाप खेळानेच लादलेली असते आणि मुलीवर खोटारडेपणाचा डाग येत नाही. लोकही ‘थाप पचली’ असं कौतुकानेच म्हणतात.

जाता जाता, ‘ब्लफ करणे’ हे कागदावरचं मराठी. बोलताना सगळे ‘ब्लफ मारतोय’ म्हणतात. शब्द पाहुणा आला, पण क्रियापद थापेचं घेऊन बसला.

माझं मत विचाराल तर कथेसाठी चॅलेंजच घ्या, कारण त्यात मुलीला थापेकडून हुलीकडे नेता येतं. कसं ते पानांसकट सांगतो.

पाच जण बसलेत. बावन्न पानं वाटली की तिघांकडे दहा आणि दोघांकडे अकरा येतात. मुलगी दुसऱ्या जागेवर, आत्या चौथ्या. चौथी पाळी आत्याची. ती ‘दोन चव्व्या’ म्हणून दोन पानं सरकवते आणि ती खरी असतात. फिरत फिरत बारावी पाळी, म्हणजे राणी, मुलीकडे येते. तिच्याकडे राणी एकच. ती राणीबरोबर एक छक्की आणि एक दश्शी पालथी टाकते आणि म्हणते, ‘तीन राण्या… आहेत.’

दादा लगेच ‘चॅलेंज!’ म्हणतो. त्याच्या हातात दोन राण्या आहेत. तीन अधिक दोन पाच, आणि कॅटात राण्या चारच. तिने ‘दोन राण्या’ म्हटलं असतं तर दादाला हिशेबावरून काहीच कळलं नसतं, कारण दोन आणि दोन चार होतात. थाप पचायची तर ती समोरच्याच्या हातात मावायला हवी. पण तिची खरी चूक शेवटच्या शब्दात आहे. पत्ते टाकताना कुणी क्रियापद लावत नाही. ‘दोन सत्त्या’, ‘एक गुलाम’, बस्स. तिने ‘आहेत’ जोडलं. न मागता दिलेली ग्वाही ऐकली की पत्तेबाजाचे कान टवकारतात. ‘खरंच’, ‘हं’, ‘बघा’ हे त्याच जातीचे शब्द. मला स्वतःला ‘ना’ लावायची खोड होती आणि त्या एका अक्षरापायी मी कित्येक ढीग उचलले आहेत.

तर मुलगी ढीग उचलते. त्यात आत्याच्या त्या दोन चव्व्या येतात. तिच्याकडे एक आधीपासून आहे, म्हणजे तीन झाल्या. पुढच्यांनी राजा, एक्का, दुर्री, तिर्री टाकून पाळी परत तिच्याकडे येते, आणि सांगायची असते नेमकी चव्वी. ती तिन्ही चव्व्या काढते, त्या पुन्हा एकदा मोजते, दादाकडे न बघता पालथ्या ठेवते आणि हळूच म्हणते, ‘तीन चव्व्या… आहेत.’

दादाने डोकं चालवलं असतं तर आत्याच्या चव्व्या त्याच ढिगातून हिच्याकडे गेल्यात हे त्याला आठवलं असतं. पण मघाचं ‘आहेत’ त्याच्या कानात ताजं असतं. तो हसत ‘चॅलेंज’ म्हणतो आणि पानं उलटतो.

इथे ‘थाप मारली’ म्हणताच येणार नाही, कारण तिने सांगितलेलं अक्षर न अक्षर खरं होतं. खोटा होता तो फक्त तिचा अडखळलेला सूर. ही हूल. ‘ती हूल द्यायला शिकली’ हे वाक्य तुमच्या मुलीला शोभेल, आणि ‘ब्लफ’ या एका शब्दात जे दोन अर्थ एकत्र कोंबलेत ते मराठीत असे सुटे मिळतात.

तुमच्या वर्णनातला ‘लाजाळू’ही पुन्हा बघा. बुजरा माणूस परक्यांत बुजतो, घरच्यांत सहसा नाही. घरच्या मोठ्यांपुढे तोंड उघडायला जी कचरते ती भिडस्त. तसं लिहिलंत तर ‘भीड चेपली’ हा वाक्प्रचार आपसूक हाताशी येतो. त्याला थोडी आगाऊपणाची छटा आहे, पण इथे ती हवीच आहे. ‘किशोरवयीन’ मात्र काढून टाका. ते सरकारी पत्रकात ठीक, पत्त्यांच्या डावात कुणी कुणाला किशोरवयीन म्हणत नाही.

शेवटच्या वाक्यात कुठलाच शब्द नसला तरी चालेल असं मला वाटतं. दादा ढीग ओढून घेत ‘मग आहेत आहेत काय म्हणत होतीस?’ असं विचारतो, आणि ती म्हणते, ‘होत्या की.’