गाडी ओढून नेल्यावर वाटणारं मोकळेपण

"मॅडम, हप्ते थकले म्हणून फायनान्सवाल्यांनी गाडी ओढून नेली. गाडीच गेली, म्हणजे आता कर्ज मिटलं ना? की अजून पैसे मागतील?"

मिटलेलं नाही. गाडी हे कर्जाचं तारण असतं, कर्ज वेगळं. तारण विकून आलेली रक्कम कर्जखात्यात जमा होते, आणि तरीही बाकी उरली तर ती कर्जदाराने भरायची असते. उलट जास्त रक्कम आली तर वरचे पैसे कर्जदाराला परत मिळायला हवेत, पण तशी वेळ मी फार थोड्या वेळा पाहिली आहे.

पुण्यात माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्यांत कॅबवाले, टेम्पोवाले, कुरिअरची दुचाकी चालवणारे असे बरेच असतात आणि वरचा प्रश्न जवळपास प्रत्येकाचा असतो. त्यातल्या एकाची गोष्ट सांगते. ओळख पटू नये एवढे तपशील बदलले आहेत.

फुरसुंगीचे एक दादा मार्केट यार्डातून हॉटेलांना भाजी पोचवायचे. टेम्पोसाठी एका फायनान्स कंपनीकडून सहा लाखांचं कर्ज, १४ टक्के व्याज, चार वर्षांची मुदत, हप्ता साधारण १६,४००. वीस हप्ते वेळेवर भरले. मग मोठ्या हॉटेलाचं काम सुटलं आणि चार हप्ते थकले. टेम्पो ओढून कंपनीच्या यार्डात गेला. तिथून आठवड्याभराने वहिनी त्यांना माझ्याकडे घेऊन आल्या. तक्रार कर्जाची नव्हती. दादा दिवसभर झोपून असतात, घराबाहेर पडत नाहीत, एवढीच होती.

मी विचारलं, "गाडी नेली त्या दिवशी काय वाटलं?"

मला वाटलं होतं, राग किंवा लाज म्हणतील. ते म्हणाले, "खरं सांगू? मोकळं वाटलं. फोन बंद झाले."

"फोन बंद झाले म्हणजे हिशेब मिटला, असं कुणी सांगितलं?"

"वसुलीवाला म्हणाला, गाडी द्या, विषय संपला."

"लिहून दिलं त्याने?"

यावर वहिनीच बोलल्या, "आमच्याकडूनच लिहून घेतलं की!"

तो कागद पिशवीतच होता. दादांना मोठ्याने वाचायला लावला. 'मी वाहन स्वखुशीने परत करत आहे. विक्रीनंतर रक्कम शिल्लक राहिल्यास ती भरण्यास मी जबाबदार राहीन.' दुसरं वाक्य वाचताना त्यांचा आवाज बसला. खाली सही त्यांचीच होती.

माझं सगळं काम एकाच गोष्टीवर उभं आहे: माणूस प्रसंगाने कोसळतो त्यापेक्षा त्या प्रसंगाचा जो अर्थ तो लावतो त्याने कोसळतो. लोक भीतीबद्दल बोलतात, पण कर्जाच्या बाबतीत मला जास्त धोका या मोकळेपणात दिसतो. फोन थांबतात ते गाडी हातात आली म्हणून. लिलावाचे दिवस मात्र त्याच शांततेत मोजले जात असतात, आणि कर्जदाराच्या हातात सगळ्यात जास्त काही असतं तेही याच दिवसांत. हे जुळवायला मला बरीच वर्षं लागली, पण आता 'त्या दिवशी काय वाटलं' हा प्रश्न मी पहिल्याच भेटीत विचारते आणि बहुतेक वेळा कुलूप तिथेच उघडतं.

दादा उठून बसले ते आकड्यांनी. कंपनीकडून खात्याचा उतारा लेखी मागवला. मुद्दल ३,९०,०००, थकलेल्या महिन्यांचं व्याज १८,०००, दंड ६,०००, गाडी आणण्याचा आणि यार्डाचा खर्च १६,०००, एकूण ४,३०,०००. सोबत विक्रीपूर्व नोटीसही आली: ठरावीक दिवसांत थकबाकी भरा, नाहीतर गाडी विकू. यार्डातल्या मूल्यांकनात किंमत धरली होती २,९०,०००. म्हणजे लिलाव तसाच होऊ दिला तर १,४०,००० डोक्यावर राहणार होते.

गाडी सोडवायची तर चार हप्ते आणि खर्च मिळून सुमारे ८८,००० लागणार होते. दादांचे मेहुणे म्हणाले, व्याजाने उचलू. मी विचारलं, "टेम्पो परत आला तर पुढच्या महिन्याचा हप्ता कोणत्या कामातून निघणार?" काम नव्हतं. मग सावकाराचे पैसे घालून सोडवलेली गाडी तीन महिन्यांनी पुन्हा यार्डात गेली असती, तेव्हा तो रस्ता सोडला.

दुसरा रस्ता बहुतेकांना माहीतच नसतो. लिलावात बोली लावतात ते मुख्यतः जुन्या गाड्यांचे व्यापारी, त्यांना पुढे नफ्यात विकायची असते, म्हणून भाव कमी येतो. पण लिलावाआधी कर्जदार स्वतः गिऱ्हाईक आणू शकतो. दादांनी मार्केट यार्डातल्याच एका ओळखीच्याला गाडी दाखवली. तो ३,५५,००० द्यायला तयार झाला. कंपनीची लेखी संमती घेतली आणि पैसे दादांच्या हातात न देता थेट कर्जखात्यात भरले. बोजा उतरवायचा फॉर्म ३५ कंपनीकडून सही होऊन गिऱ्हाइकाला मिळाला. बाकी राहिले ७५,०००. दंडाचे सहा हजार कंपनीने अर्ज केल्यावर सोडले. उरलेल्या ६९,००० चे ११,५०० प्रमाणे सहा हप्ते ठरले, तेही लेखी.

कंपनीचा हक्क कुठवर, हेही दादांना सांगितलं होतं. करारात ताब्याचं कलम असेल तर हप्ते थकल्यावर गाडी घेण्याचा हक्क तिला आहे. पण रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे फायनान्स कंपनीच्या करारात नोटिशीची मुदत, विक्रीआधी पैसे भरण्याची शेवटची संधी आणि विक्रीची पद्धत नमूद असावी लागते. नोटीस कधी माफ करता येते तेही त्यातच लिहिलेलं असतं, म्हणून कराराची प्रत आधी वाचायची. गुंड पाठवून, धमकावून गाडी घेता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्येच बजावलं आहे. वसुलीचे फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करता येत नाहीत. आलेल्या माणसाकडे ओळखपत्र आणि अधिकारपत्र मागा, गाडीतल्या सामानाची यादी करून घ्या, आणि न वाचता सही करू नका. तक्रार आधी कंपनीकडे लेखी करायची. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, cms.rbi.org.in वर.

ज्यांचा लिलाव होऊन गेला आहे, त्यांनी उताऱ्यासोबत विक्रीची तारीख, मिळालेली किंमत आणि मूल्यांकनाचा कागद मागावा. विक्रीआधी नोटीसच आली नसेल किंवा गाडी मातीमोल विकली असेल, तर बाकीच्या रकमेवर हरकत घेता येते. ती मांडायची जागा बहुतेक वेळा लवाद असतो. लवादाची नोटीस कपाटात ठेवून दिली तर निवाडा एकतर्फी होतो आणि मग त्याच्या जोरावर बँक खातं किंवा मालमत्ता जप्तीची वेळ येऊ शकते. लवाद कंपनीने एकटीनेच नेमला असेल तर त्यावरही आक्षेप घेता येतो, त्यासाठी वकील गाठावा.

जामीनदाराचं मात्र लोक विसरतात. दादांना जामीन मेहुणेच होते. भारतीय करार कायद्याप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, कंपनी थेट त्याच्याकडेही जाऊ शकते. हे कळल्यावर दोघांनी हप्ते वाटून घेतले. शेवटचा हप्ता भरल्यावर 'काहीही येणे नाही' असं पत्र घेतलं आणि सिबिलच्या अहवालात खातं बंद दिसेपर्यंत दादा दर महिन्याला तपासत राहिले. मुद्दलातला भाग माफ करून घेतला असता तर तिथे 'तडजोड' अशी नोंद राहिली असती आणि पुढचं कर्ज अवघड झालं असतं. दादा आता दुसऱ्याच्या टेम्पोवर चालक आहेत आणि नवीन गाडीची चौकशी करताहेत. पहिला प्रश्न ते हप्ता किती हा विचारत नाहीत, करारातलं ताब्याचं कलम दाखवा म्हणतात.