पॉलिमर केमिस्ट्रीच्या निबंधात पीईटी बाटल्यांच्या रासायनिक आणि यांत्रिक पुनर्चक्रीकरणाची तुलना कोणत्या मुद्द्यांवर करावी, आणि शेवटी कोणती पद्धत चांगली म्हणावी?

तुलना एस्टर बंधावर, म्हणजे पीईटीच्या साखळीतील एकके एकमेकांना जोडणाऱ्या बंधावर, उभी करावी. "यांत्रिक पद्धतीत दर्जा कायमचा घसरतो आणि रासायनिक पद्धतीत नव्यासारखा माल मिळतो" हे वाक्य मात्र निबंधात लिहू नये. ते चूक आहे हे मी एम.एस्सी.च्या प्रकल्पात स्वतः मोजून पाहिले, आणि तोंडी परीक्षेत त्याच मुद्द्यावर माझे गुण कापले गेले.

बाटल्यांचा धुतलेला चुरा मी १६० अंश सेल्सिअसला सहा तास वाळवला होता, परंतु एक्स्ट्रूडर तापेपर्यंत ट्रे उघडाच राहिला. पीईटी हवेतील ओलावा शोषून घेते, आणि २८० अंशांच्या वितळलेल्या रसात पाण्याचा प्रत्येक रेणू एक एस्टर बंध तोडतो. यंत्रातून रस पाकासारखा पातळ बाहेर आला. चुऱ्याची आंतरिक श्यानता, म्हणजे साखळ्यांच्या लांबीचे माप, ०.७६ होती, ती ०.५८ वर आली. बाटलीसाठी ती साधारण ०.७२ ते ०.८४ लागते, म्हणजे तो माल फार तर धाग्याच्या उपयोगाचा उरला होता.

हे गणित निबंधात अवश्य मांडावे. साखळीचा सरासरी रेणुभार २५,००० धरला, तर एक किलो पीईटीमध्ये ०.०४ मोल साखळ्या असतात. त्यात केवळ ३५० मिलिग्रॅम पाणी राहिले, तर सुमारे ०.०१९ मोल बंध तुटतात, साखळ्या ०.०५९ मोल होतात आणि रेणुभार १७,००० च्या आसपास उतरतो. वाळवताना ओलावा किलोमागे ५० मिलिग्रॅमच्या खाली आणण्याचा आग्रह का धरतात, ते यावरून कळते.

तोच माल मी नंतर निर्वातात २१० अंशांवर, म्हणजे वितळणबिंदूच्या बऱ्याच खाली, दहा तास ठेवला. घनावस्थेतही साखळ्यांची टोके अस्फटिक भागात हालचाल करतात, पुन्हा एकमेकांशी एस्टर बंध जोडतात, आणि सुटणारे पाणी व ग्लायकॉल निर्वातात निघून गेल्यामुळे अभिक्रिया पुढे सरकत राहते. यालाच घनावस्थेतील बहुवारिकीकरण म्हणतात. श्यानता ०.७९ झाली. मी प्रबंधात "साखळीची लांबी परत मिळवता येते" असे लिहिले, आणि परीक्षकांनी "तुटलेली साखळी जुळत नाही" असे सांगून ते वाक्य खोडले. संघनन बहुवारिकीकरण शिकवणाऱ्या माणसाने असे म्हणावे, हे मला आजही पटत नाही.

आता ग्लायकॉलिसिसकडे, म्हणजे ग्लायकॉलने साखळी तोडण्याच्या रासायनिक पद्धतीकडे, त्याच हिशेबाने पाहावे. झिंक ॲसिटेटसारख्या उत्प्रेरकाबरोबर १९० अंशांच्या आसपास इथिलीन ग्लायकॉल वापरले, तर १९२ ग्रॅमच्या प्रत्येक पुनरावर्ती एककामागे ६२ ग्रॅम ग्लायकॉल जोडले जाऊन २५४ ग्रॅम बीएचईटी, म्हणजे ज्यापासून पुन्हा पीईटी बनवता येते तो लहान रेणू, मिळते. एक किलो पीईटीमध्ये अशी ५.२ मोल एकके असतात. माझ्या चुकीमुळे जितके बंध तुटले, त्याच्या सुमारे २७० पट बंध येथे मुद्दाम तोडावे लागतात आणि नंतर ग्लायकॉल बाहेर काढत पुन्हा जोडावे लागतात. रासायनिक पद्धतीला ऊर्जा जास्त का लागते, याचे उत्तर बव्हंशी येथेच आहे. शिवाय अभिक्रिया समतोलाची असल्यामुळे काही द्वितयी, म्हणजे दोन एककांचे न तुटलेले तुकडे, तशीच उरते.

मग इतका खटाटोप कशासाठी? शुद्धीकरणासाठी. बीएचईटी गरम पाण्यात विरघळते, गाळता येते आणि थंड केल्यावर स्फटिकरूपात वेगळी होते. लांब साखळी अशी पाण्यात विरघळवून शुद्ध करता येत नाही. माझ्या मालाची श्यानता परत आली, पण त्यावरचा पिवळेपणा गेला नाही. चुऱ्यात पीव्हीसीचे तुकडे असतील तर गोष्ट आणखी बिघडते, कारण तेही पाण्यात पीईटीप्रमाणेच बुडतात, त्यामुळे धुताना वेगळे होत नाहीत. वितळवताना त्यांतून सुटणारे हायड्रोजन क्लोराइड जलविच्छेदन वाढवते आणि मालात तपकिरी ठिपके दिसू लागतात. असे दोष साखळी लांब करून दुरुस्त होत नाहीत.

म्हणून माझे मत असे की स्वच्छ, रंगहीन बाटल्यांसाठी यांत्रिक पद्धतच योग्य आहे, आणि जेथे रंग किंवा मिसळ आहे तेथेच बंध तोडण्याचा खर्च करावा. मात्र दोन गोष्टी नोंदवाव्यात. वरच्या हिशेबात मी फक्त पाण्याने तुटणारे बंध धरले आहेत. उष्णतेने होणारे विघटन वेगळे असते, आणि त्यातून ॲसिटाल्डिहाइड तयार होते. तसेच पाण्यात विरघळणारे काही रंग बीएचईटीबरोबरच राहतात, त्यांच्यासाठी सक्रिय कोळशासारखी वेगळी पायरी लागते. मिथेनॉलिसिस आणि विकरांनी होणारे विघटन यांना तुमच्या निबंधात किती जागा द्यावी, हे शब्दमर्यादेवर ठरवा. परंतु घनावस्थेतील बहुवारिकीकरणाचा परिच्छेद गाळू नका, आणि कोणी तो खोडला तर आधीची व नंतरची श्यानता समोर ठेवा.