चावी ऑन केल्यावर मीटरमधले लाल-पिवळे दिवे का लागतात?

प्रश्न: सेकंडहँड गाडी बघतोय. चावी फिरवली की मीटरमध्ये सात-आठ लाल-पिवळे दिवे एकदम लागतात आणि थोड्या वेळात विझतात. हे नॉर्मल आहे का, की गाडीत काही गडबड आहे?

उत्तर:

नॉर्मल आहे. उलट एखादा दिवा लागलाच नाही, तर संशय घ्या.

मी सोलापुरात गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो. जुनी गाडी घ्यायच्या आधी दाखवायला येणारे लोक इंजिनचा आवाज ऐकतात, टायर बघतात, बोनेट उघडून उगाच आत डोकावतात. मीटरकडे बघतात ते फक्त किलोमीटर वाचायला. खरं तर सेल्फ मारायच्या आधीचे दहा सेकंद नीट बघितले, तर फुकटात बरंच कळतं.

चावी ऑनवर आली की मीटर धोक्याचे दिवे मुद्दाम पेटवतो. ही दिव्यांची हजेरी असते. ऑइलचा दिवा कधीच लागत नसेल, तर ऑइल नीट आहे म्हणून लागत नाही की दिवाच मेलाय म्हणून, हे चालवणाऱ्याला कसं कळणार? म्हणून रोज एकदा सगळ्यांनी तोंड दाखवायचं.

पण हे सगळे दिवे एकाच कारणाने लागत नाहीत आणि एकाच वेळी विझतही नाहीत. खरी गंमत त्यातच आहे.

ऑइल आणि बॅटरी, हे दोन लाल दिवे चाचणीसाठी लागलेले दिसतात, पण ते खरी परिस्थितीच सांगत असतात. इंजिन बंद म्हणजे ऑइल पंप बंद, म्हणजे प्रेशर नाही, म्हणून ऑइलचा दिवा चालू. अल्टरनेटर फिरत नाही, चार्जिंग नाही, म्हणून बॅटरीचा दिवा चालू. इंजिन सुरू होईपर्यंत हे दोन्ही तसेच राहतात, अर्धा तास थांबलात तरी. बऱ्याच गाड्यांत पिवळा चेक इंजिनही त्यांच्यासोबत थांबतो. जुन्या गाड्यांत बॅटरीच्या बल्बकडे आणखी एक काम असायचं. अल्टरनेटरला सुरुवातीचा करंट त्या बल्बमधूनच जायचा. बल्ब उडाला की काही गाड्यांत आयडलला चार्जिंगच सुरू व्हायचं नाही, आणि गिऱ्हाईक मात्र नवीन बॅटरी टाकून मोकळं.

एबीएस आणि एअरबॅगचं वेगळं आहे. त्यांचे स्वतःचे कंट्रोल युनिट असतात. चावी ऑन झाली की ते आपापली सर्किटं तपासतात आणि सगळं ठीक असेल तर दिवा स्वतःहून विझवतात. एबीएसला साधारण तीन-चार सेकंद लागतात, एअरबॅगला बहुतेक गाड्यांत पाच-सहा. त्यांना इंजिन सुरू असण्याशी देणं-घेणं नाही. हे नीट लक्षात ठेवा, कारण फसवणूक इथेच पकडता येते.

एक उदाहरण सांगतो. विजापूर रोडच्या एका ओळखीच्याने बघायला आणलेली हॅचबॅक. इंजिन चांगलं, बॉडी चांगली. चावी ऑन केली, दिवे लागले. एबीएस तीन सेकंदांत गेला. एअरबॅगचा लाल दिवा जाईना. तो पंधरा सेकंद थांबला, वीस थांबला, आणि सेल्फ मारल्यावर ऑइलच्या दिव्यासोबत त्याच क्षणी विझला. इंजिन बंद करून परत तेच केलं, परत जोडीनेच विझले. एअरबॅगच्या युनिटला ऑइल प्रेशरशी काय करायचंय? म्हणजे त्याचा दिवा कुणीतरी ऑइलच्या दिव्याला जोडून ठेवला होता. घेणारा चावी फिरवतो, सगळे दिवे लागतात, गाडी चालू होते, सगळे जातात, आणि गिऱ्हाईक खूश.

दुसरी खूण त्याहून सोपी होती. डॅशबोर्डच्या खाली उजव्या बाजूला हॉर्नसाठी वेगळं बटण बसवलेलं होतं. स्टिअरिंगवरचा हॉर्न वाजत नव्हता. स्टिअरिंगच्या मागे क्लॉक स्प्रिंग नावाची गोल पट्टी असते. स्टिअरिंग फिरलं तरी वायर तुटू नये म्हणून ती गुंडाळलेली असते, आणि हॉर्नची व ड्रायव्हरच्या एअरबॅगची वायर तिच्यातूनच जाते. ती तुटली की दोन्ही एकदम जातात. हॉर्न गेला म्हणून बटण लावलं, एअरबॅगचा दिवा सतत लागतो म्हणून तो ऑइलला जोडला. स्कॅनर लावला तर ड्रायव्हर एअरबॅगचं सर्किट ओपन असल्याचा कोड निघाला. मीटर खोलला तेव्हा मागच्या पट्टीवर एक बारीक निळी वायर सोल्डरच्या एका डागावरून दुसऱ्या डागावर डकवलेली होती. विकणाऱ्याला विचारलं तर म्हणाला, “लाईट उगाच लागायची हो, म्हणून वायरमनने बंद केली.” उगाच लागत नव्हती. त्या अवस्थेत धडक झाली असती तर ड्रायव्हरसमोरची एअरबॅग उघडलीच नसती.

क्लॉक स्प्रिंग बदलून, दिव्याची जागा मूळ होती तशी करून गाडी ठीक झाली. हे काम घरी करू नका. बॅटरीची निगेटिव्ह काढून काही मिनिटं थांबल्याशिवाय स्टिअरिंगवरच्या एअरबॅगला हात लावायचा नसतो, कारण युनिटच्या आत चार्ज साठलेला असतो.

तुम्ही गाडी बघायला जाल तेव्हा विकणाऱ्याला आधीच गाडी चालू करून ठेवू देऊ नका. चावी तुमच्या हातात घ्या, ऑनवर आणा आणि सेल्फ न मारता थांबा. बटणाची गाडी असेल तर क्लच किंवा ब्रेक न दाबता बटण दोनदा दाबलं की बहुतेक गाड्यांत ऑन होतं. मोबाईलवर मीटरचा व्हिडिओ घेतला तर आणखी बरं, कारण दिवे भराभर जातात आणि डोळा नेमका भलतीकडे असतो. एअरबॅग आणि एबीएस दिसले पाहिजेत आणि इंजिन बंद असतानाच विझले पाहिजेत. चेक इंजिन दिसलाच पाहिजे. तो लागतच नसेल, तर तो काढलाय असं धरून पुढे चला आणि स्कॅन केल्याशिवाय व्यवहार करू नका. स्कॅनर मात्र एअरबॅगचं युनिट वाचणारा हवा. ऑनलाइन मिळणारे स्वस्तातले ओबीडी डोंगल बहुधा फक्त इंजिनचे कोड दाखवतात. गाडी जुनी असेल तर एअरबॅग किंवा एबीएस मुळात त्या मॉडेलला आहे का, हे आधी बघा, नाहीतर उगाच भांडण व्हायचं. दार, सीटबेल्ट, हँडब्रेक यांचे दिवे त्या-त्या वेळची स्थिती सांगतात, त्यांचा इथे विचार नको. डिझेल गाडीत पिवळी वेटोळ्याची खूण हीटर प्लगची असते. थंड इंजिनला ती विझेपर्यंत थांबून मग सेल्फ मारायचा.

आता सेल्फ मारा. ऑइलचा दिवा एक-दोन सेकंदांत गेला पाहिजे. रेंगाळला तर रेस देऊन तो घालवायला जाऊ नका, इंजिन लगेच बंद करा. पाचेक मिनिटं थांबून, सपाट जागेवर डिपस्टिक बघा. ऑइल बरोबर असूनही दिवा राहत असेल तर ऑइल प्रेशरचा स्विच खराब असू शकतो किंवा खरंच प्रेशर नसेल. ते प्रेशर गेज लावूनच ठरतं.

मग एक चक्कर मारा. एबीएसचा दिवा उभ्या गाडीत व्यवस्थित विझून निघाल्यावर थोड्या अंतरात परत लागला, तर बहुतेक वेळा एखाद्या चाकाचा स्पीड सेन्सर गेलेला असतो, कारण चाक फिरल्याशिवाय युनिटला त्याचा सिग्नल तपासता येत नाही. याच कारणाने एबीएसच्या मोटरसायकलवर तो दिवा उभ्या गाडीत जात नाही, थोडी पुढे गेल्यावर विझतो. तो बघून बाईक सोडून येऊ नका.